मागच्या चाकाचा सूर

आमच्या घरात थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, अशी रीत आहे. बोलायचं झालंच तर मधे कोणीतरी लागतं. जाऊबाई असल्या तर त्यांना सांगायचं, त्या नसल्या तर दारातल्या पाहुण्याला, आणि कोणीच नसलं तर गोठ्यातल्या म्हशीला. लग्न होऊन मी या वस्तीवर आले तेव्हापासून माझ्याबद्दलची थोरल्या भावजींची सगळी मतं मी म्हशीमार्फत ऐकली आहेत. म्हैस कधी उलट उत्तर देत नाही, म्हणून त्यांना वाटायचं, मीही देणार नाही.

त्यांचा मुख्य राग माझ्या पखवाजावर होता. पखवाज माझ्या वडिलांचा. भावाच्या कानाला सूर कळेना आणि माझ्या कानाला कळला, म्हणून वडिलांनी मला शिकवलं. आधी लावायला, मग वाजवायला. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, ‘घेऊन जा बाई, इथं उंदरं खातील.’ मी तो सासरी आणला आणि आमच्या वस्तीवरच्या बायकांचं भजन, जे तोवर नुसत्या टाळांवर चालायचं, ते पखवाजावर उभं राहिलं. दर गुरुवारी कोणत्या ना कोणत्या वस्तीवर भजन असतं. पखवाज काही काखेत मारून चालत नेण्याइतका हलका नसतो. मी तो गोधडीत गुंडाळते, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सायकलच्या कॅरिअरवर आडवा आवळते आणि निघते. साडीवर सायकल मारते आणि त्यावर पखवाज, हे काही लोकांना अजून पचलेलं नाही. त्यांनी हाजमोला खावा, मी काय करू?

यंदा दोन गावं पलीकडच्या सप्त्यात आमच्या मंडळाला भजनाची वेळ मिळाली. दुपारच्या उन्हातली, कीर्तनाच्या आधीची, पण मिळाली. आजवर त्या मंडपात बायकांनी फक्त भाकरी नेल्या होत्या. ऊसतोडीमुळे अर्ध्या वस्त्यांना कुलपं होती, माझे मालकही कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला गेलेले, तरी टाळ धरायला पुरेशा बायका मागे राहिल्या होत्या. जायचं कसं, हे ठरवायला सगळे मारुतीच्या देवळात जमलो. थोरले भावजी सप्त्याच्या कमिटीवर आहेत आणि टेम्पोही त्यांचाच. ते आमच्या म्होरक्या आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या चुलतसासूकडे बघून बोलले.

“टेम्पो पाठवतो. बायकांनी खुशाल यावं. पन पखवाज आनायची गरज न्हाई. तितं पखवाज हाय आन वाजवनाराबी हाय. बाईमानसानं एवढ्या लोकात मांडी घालून पखवाज बडवायचा, बरं दिसत न्हाई. तिला सांगा.”

मी खांबाला टेकून बसले होते. मीही आत्याबाईंकडेच बघितलं.

“त्यांना सांगा, टेम्पोत जागा न्हाई तर मी माज्या सायकलीवर येते. पखवाज घेऊन.”

देवळात कोणीतरी हसलं. आत्याबाईंनी दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, “ही वाजवनार न्हाई तर मी टाळ उचलनार न्हाई. झालं?”

झालं काय, तिथून तर सुरू झालं. त्याच आठवड्यात पाईपलाईनवाल्यांनी आमच्या वाटेत आडवा चर खणला आणि वरवर माती ढकलून निघून गेले. गुरुवारच्या भजनाहून येताना, पाठीमागे पखवाज बांधलेला असताना, मागचं चाक त्या चरात दाणकन आदळलं. पखवाजाला काही झालं नाही. चाक मात्र घरी येईपर्यंत कंबर हलवत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल अंगणात उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला, चाकं वर. पहिल्यांदा रिम हातात धरून डावी-उजवीकडे हलवून बघितली. तिथे खटखट झाली असती तर दुखणं चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधल्या गोळ्यांचं असतं, तारांना छळून उपयोग नव्हता. खटखट नव्हती. मग चाक सावकाश फिरवलं. ब्रेकच्या रबरापाशी रिम एकदा जवळ यायची, एकदा लांब जायची. म्हणजे चाक डुलत होतं. आता ढिली तार कोणती, ते शोधायचं.

तार ढिली आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला बोटं लागतात आणि कान. हवा भरायच्या नळीपासून सुरुवात करायची, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळतं. शेजारच्या दोन तारा चिमटीत धरून एकमेकींकडे दाबायच्या. घट्ट असल्या तर त्या बोटाला उलट ढकलतात, ढिली असली तर येते गुमान. मग एकेक तार नखाने छेडायची. ताणलेली तार बोलते, ढिली नुसतं खट्ट करते आणि गप्प बसते. मला दोन सापडल्या, एक तर इतकी ढिली की हाताने वाकत होती. तारेचं टोक रिमला धरून ठेवतं ते निपल; ते पिळायचा पाना वडिलांच्याच हत्यारांच्या पेटीतला. रिमच्या बाहेरच्या अंगाने बघत पाव फेरा पिळायचं, चाक फिरवून बघायचं, लागलं तर पुन्हा पाव. आतल्या अंगाने बघितलं तर फिरवण्याची दिशा उलटी वाटते आणि माणूस घट्ट करायच्या जागी सोडत जातो. त्या दोन तारा बोलायला लागल्या आणि डुलणं निम्म्याने कमी झालं.

थोरले भावजी म्हशीला पेंड घालत होते.

“बघ गं,” ते म्हशीला म्हणाले, “आता तारा वाजवून दाखवत्यात. चाक गेलंच हाय ते. मोडलं म्हंजी आपसूक घरी बसनं हुईल.”

हे त्यांनी बोलायला नको होतं. मला राग आला की माझं काम बिघडत नाही, उलट नको तितकं बारीक होतं. आता नुसतं चालेल असं चाक मला नको होतं. मला असं चाक पाहिजे होतं की कोणी नाव ठेवायला जागा राहू नये. मी पुन्हा पहिल्या तारेपासून निघाले, या वेळी नीट कान देऊन. आणि मला ऐकू आलं की डाव्या बाजूच्या सगळ्याच तारा उतरलेल्या आहेत. उजवीकडच्या चढ्या, टणक. डावीकडच्या त्यांच्यापेक्षा खाली. एक-दोन नाही, सरसकट.

पखवाज लावणाऱ्याला असं ऐकवत नाही. पखवाजाच्या तोंडाला काठाने चहूकडे टिचक्या मारत जायचं, जिथे सूर उतरला असेल तिथे हातोडीचा ठोका द्यायचा आणि सगळा काठ एका सुरात आणायचा, हे माझ्या हातात बसलेलं. मी तेच केलं. डावीकडची प्रत्येक तार पिळून उजवीच्या सुराला आणून ठेवली. जेवणाची वेळ टळली. शेवटी चाकावरून नख फिरवलं तर सगळ्या तारा एका आवाजात बोलल्या. मला तर वाटलं, आता या चाकावर अभंग म्हणावा.

सायकल सरळ केली आणि बसले. अंगणातून बाहेर पडायच्या आत चाक घासायला लागलं. उतरून बघते तर अख्खी रिम डावीकडे सरकलेली, डाव्या रबराला चिकटलेली, उजवीकडे बोट जाईल एवढी जागा. म्हशीने मान वर करून बघितलं. तिच्या शेजारच्याने बघितलं नाही, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले.

मी सायकल पुन्हा उलटी केली. डाव्या तारा जितक्या पिळल्या तितक्या अदमासाने सोडल्या. रिम मधे आली. पण आता एका जागी नवीनच गोष्ट कळली. तिथे रिम उजवीकडे झुकायची. तिला आत ओढायला डाव्या तारा पिळल्या तर त्या किंचाळायला लागल्या, समोरच्या उजव्या सोडल्या तर त्या पार मेल्या, आणि रिम जागची हलेना. त्या जागेवरून अंगठा फिरवला. कडेला एक चेपलेला खोलगा लागला, चराच्या धक्क्याचा. म्हणजे इथे प्रश्न तारेचा नव्हताच. रिमच वाकली होती, आणि वाकलेली रिम तारांनी सरळ करायला गेलं तर तारा तुटतात नाही तर निपलापाशी रिम फाटते. हे माझ्या पान्याच्या पलीकडचं होतं.

सप्त्यातलं आमचं भजन दुसऱ्या दिवशी. मी नट सोडले, चेन उतरवली, मागचं चाक काढलं. मागच्या दाराने जाता आलं असतं. मी अंगणातून गेले, गोठ्यासमोरून, चाक खांद्याला लावून. ज्याला जे समजायचं ते समजो.

खर्ड्याला जायला वडाप मिळालं. जीपमध्ये चाक मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, “सायकल कुटंय?” म्हटलं, “घरी बसलीय. मी न्हाई बसले.” तिला काही कळलं नाही, पण ती सरकून बसली.

सायकलवाल्या मिस्त्रींचं दुकान किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याचं. त्यांनी चाक हातात घेतलं, न फिरवताच दोन बाजूंच्या तारा दाबल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ह्येला हात कुनी लावला?”

“मी.”

“मग हितं कशाला आनलं?”

“मला येत हुतं तितवर मी केलं. रिमला मार बसलाय, ते माजं काम न्हाई. तुमचं हाय. उद्या दुपारी मला ह्यावर पखवाज घिऊन जायचंय.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. “बाकीचे तर म्हनत्यात, मिस्त्री, रातीतून आपोआप झालं,” ते म्हणाले आणि चाक आऊट काढायच्या चिमट्यात अडकवलं. आऊट काढणं म्हणजे चाकाचं डुलणं घालवणं. त्यासाठी त्यांनी सायकलचा एक जुना फोर्क उलटा करून फळीला ठोकला होता.

खोलग्याच्या आसपासच्या तारा त्यांनी आधी ढिल्या केल्या. मग लाकडाचा ठोकळा आत धरून रिमची चेपलेली कड हातोडीने हळूहळू बाहेर काढली. मी एरवीही हातोडीकडे बघितल्याशिवाय राहत नाही. त्यांचा ठोका हलका आणि नेमका होता. दोन तारांच्या निपलचे कोपरे झिजले होते, त्या तारा निपलांसकट बदलल्या. मग चाक फिरवत, एका काडीचं टोक रिमला जवळ धरून, डावी-उजवी, पुन्हा वर-खाली. फिरताना रिम वर-खाली उड्या मारते का हेही बघावं लागतं, ते मी बघितलंच नव्हतं. शेवटी त्यांनी नखाने तारा छेडल्या. उजव्या चढ्या. डाव्या उतरलेल्या.

“डाव्या ढिल्या राहिल्या,” मी म्हणाले.

“ढिल्या न्हाईत, कमी तानल्यात. मागच्या चाकाला अशाच लागत्यात.” त्यांनी चाक माझ्यासमोर आडवं धरलं. “उजवीकडं फ्रायव्हील बसतंय, चेनचं. त्येला जागा द्यायला हबची उजवी तबकडी आत सरकलेली असती. त्या बाजूच्या तारा उब्या पडत्यात, म्हनून रिम मधी धरायची तर त्यांना जास्ती वडावं लागतं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजू सारख्या. मागच्याला न्हाई. उजवीचा सूर उजवीशी बघायचा, डावीचा डावीशी. तुमी सगळ्या एक केल्या असत्याल?”

मला असा संताप आला की विचारू नका. मिस्त्रींचा नाही, स्वतःचा. बालपणापासून ज्या वाद्याला हात लावते, त्याला दोन तोंडं आहेत. उजवीकडे शाई, तिचा सूर चढा. डावीकडे कणीक लावायची, तिचा खाली. दोन्ही एका सुरात लावली तर तो पखवाज राहील का? आणि मी चाकाला एकच तोंड आहे असं समजून बसले.

“मिस्त्री, ह्ये मागचं चाक पखवाजच हाय की.”

“आसंल,” ते म्हणाले. “आता ध्यानात ठेवा. एखादी-दुसरी तार मऊ लागली तर पाव फेरा पिळा, फिरवून बघा, बास. पिळूनबी रिम वळत न्हाई, न्हाई तर चाक वर-खाली उडतंय, न्हाई तर निपल गोल व्हायला लागलं, की पाना खाली ठिवायचा आन हितं यायचं. आन अजून एक. नव्या तारा पहिल्या वज्ज्यात बसत्यात, थोड्या सैल पडत्यात. उद्या जाऊन पोचला की परतीला निगायच्या आदी सगळ्या तारा हातानं बघायच्या. इसरू नका.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून निघाले. गोधडी, ट्यूबच्या पट्ट्या, पखवाज. टेम्पो माझ्या पुढून धुरळा उडवत गेला, मागे बसलेल्या बायकांनी हात केले, आत्याबाईंनी टाळ वाजवून दाखवला. चरापाशी मी उतरले आणि सायकल हाताने पलीकडे काढली. उरलेली वाट मागच्या चाकाने हूं की चूं केलं नाही. चढाला दम लागला तेव्हा मी मोठ्याने ओव्या म्हटल्या, शेतात पाणी धरणारा एक जण उभा राहून ऐकत होता. ऐकू दे.

मंडपात पोचले तर आमची वेळ सुरू झालेली. बायका रांगेत बसलेल्या, आणि पखवाजापाशी कमिटीचा वाजवणारा मांडी घालून तयार. माईकवाला म्हणत होता, सुरू करा माऊली, सुरू करा. आत्याबाईंनी टाळ मांडीवर ठेवले होते आणि त्या छताकडे बघत होत्या. मला बघताच म्हणाल्या, “आली. हितं जागा करा.” वाजवणारा भला माणूस निघाला. हसला आणि उठला.

मी बसले, गोधडी सोडली, पखवाज समोर घेतला. प्रवासात सूर उतरतोच. डाव्या तोंडाला कणीक थापली, उजव्याच्या काठाने टिचक्या मारत निघाले. सगळा मंडप थांबलेला. कमिटीच्या खुर्च्यांतून एक ओळखीचा आवाज आला, “अजून किती वेळ लावायचा? सांगा तिला.” सांगायला मधे कोणी नव्हतं, म्हणून तो आवाज मंडपात तसाच लटकला. मी घाई केली नाही. सगळा काठ फिरून झाला, उजवं चढं लागलं, डावं खाली घुमलं, तेव्हा कुठे मी आत्याबाईंना मान हलवली.

कसं झालं ते मी सांगणार नाही. वेळ संपल्यावर माईकवाल्याने आम्हाला उठवलं नाही, आम्ही अजून एक अभंग घेतला, एवढंच सांगते.

बाहेर लिंबाखाली माझी सायकल उभी होती. कीर्तनाला जमणारे लोक पाय धुऊन आत शिरत होते, कमिटीची माणसं दारात स्वागताला उभी. बायका टेम्पोकडे गेल्या. मी पखवाज दोन्ही हातांत उचलून सायकलीपाशी आले आणि मला मिस्त्रींचं बोलणं आठवलं. परतीला निघण्याआधी सगळ्या तारा बघायच्या. त्याला दोन्ही हात मोकळे लागतात. पखवाज ठेवायचा कुठे? खाली चिखल होता, लोकांच्या पाय धुण्याचा. मी आजूबाजूला बघितलं. जवळ कोण होतं, तर थोरले भावजी. फेटा बांधलेला, खिशाला कमिटीचा बिल्ला. ते माझ्याकडे बघत नव्हते. जवळ ना जाऊबाई, ना आत्याबाई, ना म्हैस.

“भावजी,” मी म्हणाले.

त्यांनी दचकून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर.

“जरा धरा ह्ये. मला चाक बघायचंय.”

आणि मी पखवाज त्यांच्या पोटाशी लावला. आपोआप हात पुढे आले त्यांचे, नाही तर चिखलात पडला असता. आत जाणारे लोक बघायला लागले. कोणी रामराम घातला, तर भावजींना हात जोडता येईनात, पखवाज कवटाळून ते नुसती मान हलवत राहिले.

मी मागच्या चाकापाशी उकिडवी बसले. हवेच्या नळीपासून सुरुवात केली. दोन तारा चिमटीत धरायच्या, दाबायच्या, सोडायच्या. मग नख. उजवीची उजवीशी, डावीची डावीशी. पहिली फेरी झाली. दोन्ही नव्या तारा मऊ पडल्या होत्या. कंबरेचा पाना काढला, पाव फेरा, चाक फिरवलं. दुसरीला पाव फेरा, चाक फिरवलं.

“झालं का?” वरून आवाज आला. थेट मला.

“न्हाई,” मी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या तारेपासून निघाले.